चोरसू बाजारातली घासाघीस: विक्रेतीच्या तोंडी उझ्बेक किती आणि रशियन किती?

शेवंती

दिवाळी अंकासाठी एक कथा लिहितेय. वसुधाताई, वय ६२, पुण्याच्या. तरुणपणी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकलेल्या, पण पुढे चाळीस वर्षं ते बोलायची वेळच आली नाही. आता यात्रा कंपनीबरोबर ताश्कंदला आल्यात आणि चोरसू बाजारात एकट्याच शिरल्यात. विक्रेती साधारण पंचावन्नची. काळ अगदी आत्ताचा. प्रसंगाचा कच्चा खर्डा असा:

निळ्या घुमटाखाली शिरताच एक बाई ओरडली, "तवारिश! तवारिश! याख्शी नान!" याख्शी म्हणजे चांगलं, हे वसुधाताईंना ठाऊक होतं. त्यांनी नान उचलून विचारलं, "किम्मात कांचा?" "द्वात्सत तीस्यच," म्हणजे वीस हजार, बाई म्हणाली. "दोरगा!" म्हणजे महाग, वसुधाताई उद्गारल्या. "दहा हजार!" बाईने कपाळावर हात मारला. "स्कीदकामान! पंधरा!" शेवटी बारा हजारांवर सौदा पटला. "राख्मात," बाई म्हणाली, म्हणजे धन्यवाद.

प्रश्न दोन. असं मिश्रण खरंच कानावर पडतं का? आणि मराठी वाचकाला दोन परक्या भाषा वेगवेगळ्या कशा ऐकू आणायच्या?

खमंग

दर वाक्याला "म्हणजे" वाचून शाळेतला शब्दार्थांचा तक्ता आठवला. बाकी पुलेशु.

भटका_जोशी

खर्डा गोड आहे, पण वास्तव निराळं. तिकडे बाजारात सगळे रशियनच बोलतात, उझ्बेक फक्त खेड्यात. दुसरं म्हणजे वसुधाताईंच्या पिशवीत नोटांची पुडकी हवीत. डॉलर काळ्या बाजारात मोडायचा आणि नोटा पिशवीतून न्यायच्या, त्याशिवाय उझ्बेकिस्तान वाटणार नाही. आणि सांगतील त्याच्या निम्म्यापासून सुरुवात, हा नियम.

तराजू

भटका_जोशी, पुडक्यांचं म्हणणं खरं, पण जुनं. २०१३ पर्यंत हजार सोमची नोट सर्वांत मोठी होती, आणि बँकेचा दर नि बाहेरचा दर यांत मोठी तफावत होती. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने दर मोकळा सोडला, तेव्हा एका दिवसात डॉलर सुमारे ४,२०० वरून ८,१०० सोमवर गेला आणि काळ्या बाजाराचं कामच संपलं. आता लाखाची आणि दोन लाखांची नोट आहे. कथा आजची असेल तर पुडकी नकोत.

"सगळे रशियनच" हेही अर्धंच. पंचावन्नच्या बाईचं शिक्षण सोव्हिएत काळातलं, तिला रशियन येणार. तिच्या पंचवीस वर्षांच्या मुलीला कदाचित इंग्रजी आकडे जास्त सरावाचे असतील. पण दोघीही आपसात आणि शेजारच्या गाळ्याशी उझ्बेकच बोलणार. रशियन ही अनोळखी, परक्या दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा.

आता शेवंती, तुमच्या खर्ड्यातल्या चुका, महत्त्वाची आधी.

नानवर घासाघीस होत नाही. नानचा भाव ठरलेला असतो, शिवाय त्या पदार्थाला मान आहे, ते पालथंसुद्धा ठेवत नाहीत. नान हातात धरून निम्मा भाव सांगणारी बाई तिथल्या माणसाला विचित्र वाटेल. त्याजागी सुका मेवा घ्या. मनुका, जर्दाळू, बदाम, अक्रोड यांवर थोडी घासाघीस चालते. थोडीच. ८० हजार सांगितलेली मनुका ६०-६५ ला सुटेल, ४० ला नाही. निम्म्यापासून सुरुवात करायची ती सुझनीचं भरतकाम, चिनीमाती, चाकू अशा प्रवाशांसाठी मांडलेल्या मालावर.

"किम्मात कांचा" हे आपल्या कानाने लिहिलेलं वाक्य आहे. उझ्बेकमध्ये किम्मात म्हणजे महाग. किमतीला शब्द नार्ख, आपला जुना निरख. म्हणजे तुमच्या वसुधाताई नान उचलून "महाग किती?" असं विचारतायत.

"तवारिश", म्हणजे कॉम्रेड, आता कुणी म्हणत नाही. बासष्टीच्या बाईला उझ्बेकमध्ये "ऑपा", म्हणजे आपली ताई. रशियनमध्ये "सिस्त्रा", म्हणजे बहीण, नाहीतर सरळ "द्येवुश्का", म्हणजे मुली, वय कितीही असो.

"स्कीदकामान"चा अर्थ सूट देते असा होऊच शकत नाही. यावर सविस्तर नंतर लिहितो.

खमंग

६२ व्या वर्षी "ए मुली" म्हणणार असतील तर वसुधाताई ८० हजारसुद्धा देतील.

शेवंती

अरे देवा! ती किम्मातची चूक मी काढणार नाही. चूक वसुधाताईंची करून टाकते. मराठी कानाची बाई नेमकी हीच चूक करेल.

तराजू

उत्तम. आणि विक्रेतीला त्यावर हसायची संधी मिळेल.

आता मिश्रण. उझ्बेक वाक्यात रशियन शब्द कसा बसतो, हे आपल्याला समजायला सर्वांत सोपं, कारण आपण इंग्रजीचं तेच करतो. आपण "ॲडजस्ट करून घ्या" म्हणतो, "ॲडजस्टतो" म्हणत नाही. तसंच रशियन नाम घ्यायचं आणि क्रियापद उझ्बेक "करणे" वापरायचं. स्कीदका म्हणजे सूट, तर विक्रेती म्हणेल "स्कीदका किलिब बेरामान". किलिब म्हणजे करून, बेरामान म्हणजे देते. सूट करून देते! शब्दाला शब्द मराठी. "मान" हा प्रत्यय इथे क्रियापदाला हवा. थेट नामाला लावला तर "मी अमुक आहे" असा अर्थ होतो, म्हणजे स्कीदकामान म्हणजे "मी सूट आहे"!

नामाला इतर उझ्बेक प्रत्यय मात्र बिनधास्त लागतात. किलोसी म्हणजे "त्याचा किलो", "स्कीदकासी योक" म्हणजे त्याला सूट नाही.

भाव विचारायची बाजारी रीत नुसती "कांचा" नाही, "कांचादान". हा दान म्हणजे "पासून" किंवा "-ने". आपण नाही का म्हणत, "कशी दिली मनुका?" "साठने दिली." तस्संच, "ऑल्तमिश मिंगदान", साठ हजारने. दान लावला की बोलणारा बाजारात मुरलेला वाटतो, न लावला तर पुस्तकातून शिकलेला.

बखरकर

ऑल्तमिश म्हणजे साठ? मग आपला गुलाम घराण्यातला अल्तमश सुलतान साठावा होता की काय?

तराजू

त्या नावाचा उगम वेगळा, पण आकडा लक्षात ठेवायला युक्ती झकास.

मात्रा

शेवंती, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तराजूंनी "करून देते" दाखवलं त्यातच उत्तर दडलेलं आहे. उझ्बेकची जोडक्रियापदं मराठीसारखी चालतात. तातिब कोरिंग म्हणजे चाखून बघा. ऑलिब केतिंग म्हणजे घेऊन जा. वाक्याच्या शेवटी जोर देणारा "कू" म्हणजे आपला "की", जसं किम्मात-कू, महागच की! रशियनची बांधणी अशी नाही. म्हणून विक्रेतीचं उझ्बेक बोलणं घरगुती, ऊन-प्रत्ययांनी भरलेल्या मराठीत लिहा. तिथे एकही उझ्बेक शब्द ठेवला नाही तरी चालेल. रशियन बोलणं तुटक, आकडे आणि आज्ञा एवढंच असलेलं लिहा. वाचकाला शब्द बदललेले न कळता सूर बदललेला कळेल.

आणखी एक दुर्मिळ सोय आहे. उझ्बेकला लिंगभेद नाही, रशियनला तीन लिंगं. त्यामुळे उझ्बेक माणसाच्या रशियनमध्ये लिंगाच्या चुका सहज होतात. मराठीलाही तीन लिंगं. रशियन त्सिना आणि आपली किंमत, दोन्ही स्त्रीलिंगी. तिचं "खरोशी त्सिना" मराठीत "चांगला किंमत" झालं की चूक जशीच्या तशी उतरते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे करताच येत नाही.

तराजू

मात्रा, हे माझ्या डोक्यात नव्हतं. फक्त उच्चारही घ्या. उझ्बेकमध्ये त्स हा ध्वनी मूळचा नाही, सर्कसलासुद्धा ते सिर्क लिहितात. म्हणून तिची त्सिना बहुधा "सेना" होईल. खरोशी सेना.

खमंग

"चांगला सेना." यावर काहीही न बोलता मी शांत बसतो.

अनघा_दी

मला हे खटकतंय. बाजारातली गरीब बाई, तिची भाषा मोडकी दाखवून वाचकाला हसवायचं? वसुधाताईंचं रशियन तरी कुठे धड असेल?

मात्रा

आक्षेप रास्त आहे, म्हणून प्रमाण सांभाळायचं. संपूर्ण प्रसंगात लिंगाच्या चुका दोन, फार तर तीन. आणि त्या वर्णन करताना याव्यात, आकड्यांत अजिबात नकोत. तीस वर्षं रशियनमध्ये भाव सांगणारी बाई आकड्यांत अडखळत नाही. अडखळायचं वसुधाताईंनी. रशियन आकड्यापुढचं नाम विभक्ती बदलतं, एक तीस्यचा, दोन तीस्यची, पाच तीस्यच. पाठ्यपुस्तक शिकलेली बाई नेमकी इथे थांबून मनात तक्ता म्हणेल. तोवर विक्रेतीने कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढे केलेला असेल.

अनघा_दी

हे मान्य. म्हणजे दोघीही एका उसन्या भाषेत भेटतायत.

चिमण_३

नमस्कार, माहितीपूर्ण धागा. आम्ही मे महिन्यात १४ जण जातोय. रुपये तिथे चालतात का? आणि मनुका इकडच्यापेक्षा स्वस्त पडतील का?

तराजू

चिमण_३, धागा कथेचा आहे. पण रुपये चालत नाहीत, डॉलर न्या. सध्या डॉलरला बारा हजार सोमच्या आसपास, रुपयाला साधारण एकशेतीस-चाळीस धरा. भावाची तुलना इथे नको.

निमा

जरा मोडता घालते. शेवंती, ताश्कंदऐवजी समरकंदच्या सियोब बाजारात प्रसंग नेलात तर? बीबी खानम मशिदीला लागूनच आहे, यात्रा कंपन्या तिथे नेतातच. गंमत अशी की समरकंदमध्ये बऱ्याच घरांची भाषा ताजिक आहे, म्हणजे फारसीची बहीण. विक्रेती वसुधाताईंशी रशियनमध्ये ८० म्हणेल आणि शेजारणीला हळूच ताजिकमध्ये म्हणेल, "पंजोह हझोर." आता हे कुठल्या मराठी माणसाला कळणार नाही? पन्नास हजार! खरा भाव फुटला. उझ्बेक "एल्लिक मिंग" म्हटलं असतं तर ढिम्म कळलं नसतं.

बखरकर

वा! ही तर कथेची कळ आहे. मोडी लिपीत हिशेब ठेवणाऱ्या वाण्याचा डाव मोडी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाने ओळखावा, तसं.

तराजू

युक्ती अस्सल आहे, निमा. पण मग ती उझ्बेक-रशियन मिश्रणाची गोष्ट राहत नाही, तीन भाषांची होते. समरकंदच्या विक्रेतीकडे ताजिक घरची, उझ्बेक सरकारी आणि शेजारपाजारची, रशियन परक्यांची. तीन पानांच्या प्रसंगात तीन सूर सांभाळणं अवघड. शिवाय भाव फुटल्याचा प्रसंग आला की गोष्ट "फसवणूक पकडली" अशी होते. मनुकेला ८० सांगून ६५ ला देणं ही तिथे फसवणूक नाही, तो बोलण्याचा भाग आहे.

निमा

फसवणूक कशाला, वसुधाताईंनी ऐकूनही ६० दिले तर?

शेवंती

निमा, तुम्ही माझी झोप उडवलीत. तूर्त ताश्कंदच ठेवते.

एक शंका. विक्रेती "तू" म्हणेल की "तुम्ही"?

तराजू

इथे मोठी गंमत आहे. उझ्बेकमध्ये ती वसुधाताईंना "सिझ" म्हणजे तुम्हीच म्हणेल, ताश्कंदमध्ये तर धाकट्यांनाही म्हणतात. पण तीच बाई रशियनमध्ये सहज "तू"वर येते, "बिरी, सिस्त्रा", घे गं बहिणी. यात उर्मटपणा नाही. बाजारी रशियन ऐकून शिकलेलं असतं आणि त्यात "तू" जास्त ऐकू येतो. मॉस्कोहून आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र ते टोचू शकतं. रानडेमधलं रशियन शिकलेल्या वसुधाताईंनाही टोचेल, कारण त्यांना पहिल्याच धड्यात अनोळखी माणसाला "वी" म्हणायचं शिकवलेलं असणार.

भटका_जोशी

मग सरळ असं करा की! रशियनच्या जागी हिंदी, उझ्बेकच्या जागी मराठी. दादरचा भाजीवाला अनोळखी गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो आणि शेजाऱ्याशी मराठीत. वाचकाला एका क्षणात कळेल.

मात्रा

कळेल, पण भलतंच कळेल. हिंदी आली की वाचक दादरला पोचेल आणि चोरसूचा घुमट पुसला जाईल. हिंदी-मराठीचं आपलं नातं सोबत येईल ते निराळंच.

भटका_जोशी

तुमच्या त्या तुटक मराठीपेक्षा बरं. वाचकाला व्याकरण नको असतं, झटका हवा असतो.

अनघा_दी

या मुद्द्यावर मी भटका_जोशींच्या बाजूने. निदान एक-दोन वाक्यं हिंदीत चालतील.

तराजू

तो वाद लेखिकेवर सोडू. भाषा कुठे बदलते ते मात्र नीट लावा, कारण तिथेच प्रसंग खरा किंवा खोटा ठरतो. हाक रशियनमध्ये, कारण समोरचा परका दिसतो. चव बघायला सांगताना मिश्र. भाव रशियनमध्ये आणि कॅल्क्युलेटरवर. शेजारणीशी उझ्बेक. नोटा मोजणं उझ्बेकमध्ये, पुटपुटत, माणूस पैसे आपल्याच भाषेत मोजतो. होकाराला "खोप" किंवा "मायली", हे ताश्कंदचे रशियन लोकही वापरतात. शेवटचा आशीर्वाद, "बाराका तॉपिंग", कायम उझ्बेक. तिथे रशियन स्पासीबा घातलंत तर सगळं विरजण.

आणि सकाळची वेळ घ्या. पहिल्या विक्रीला "पॉचिन" म्हणतात. शब्द रशियन, पण उझ्बेक बाजारात पार मुरलेला. मिळालेली नोट मालावरून फिरवायची. पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ द्यायचं नसतं, म्हणून भाव खाली यायला खरं कारण मिळतं.

बखरकर

म्हणजे आपली भवानी! नोट कपाळाला लावायच्या ऐवजी मनुकांवरून फिरवली एवढंच.

शेवंती

भवानी वाचलं आणि अख्खा प्रसंग दिसला. पुन्हा लिहिलाय. रशियन तुटक, उझ्बेक घरगुती, मात्रांच्या सांगण्याप्रमाणे. मूळ शब्द मोजकेच ठेवलेत.

"सिस्त्रा! इझ्यूम! गोड!"

वसुधाताई थांबल्या. मनुकांचे ढीग काळे, सोनेरी, हिरवट. कुठून तरी आठवून त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य बाहेर काढलं. "कृपा करून सांगाल का, आपल्याकडील मनुकांचा दर काय आहे?"

विक्रेती क्षणभर बघतच राहिली. मग सोनेरी ढिगातली चिमूट तिने पुढे केली. "आधी चाखून तर बघा, ऑपा." आणि लगेच सूर बदलला. "किलो, ऐंशी. चांगला किंमत."

"ऐंशी..." पुढे तीस्यच की तीस्यची? वसुधाताई तक्त्याच्या तिसऱ्या ओळीत अडकल्या. तेवढ्यात कॅल्क्युलेटर समोर आला. ८०,०००. त्यांनी व्याकरण सोडून दिलं आणि वाटेत गाईडकडून शिकलेलं उझ्बेक वापरलं. "किम्मात कांचा?"

विक्रेती खळखळून हसली. शेजारणीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का गं? विचारतायत, महाग किती म्हणून." शेजारीणही हसली. "महागच की, सांग त्यांना."

काय चुकलं ते वसुधाताईंना कळलं नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन ५० दाबले.

"नाही, नाही. तू बघ, हा मनुका! धूर नाही, औषध नाही!" बोटांनी तिने ७० केले. वसुधाताईंनी ६०. विक्रेतीने घुमटाकडे पाहिलं, मग रिकाम्या गल्ल्याकडे. "पॉचिन," ती स्वतःशीच म्हणाली. "मायली. घेऊन जा. दोन किलो घेतलेत तर पासष्टने करून देते, वर मूठभर घालून."

यातलं फक्त "दोन किलो" वसुधाताईंना कळलं. त्यांनी मान हलवली.

दोन लाखांची नोट विक्रेतीने सोनेरी ढिगावरून फिरवली, मग काळ्यावरून, मग हिरव्यावरून. सुटे मोजताना ओठ हलत होते. वसुधाताई बघत राहिल्या. मंडईतल्या सकाळी त्यांनी असंच काहीतरी हजारदा पाहिलं होतं.

"बाराका तॉपिंग, ऑपा."

तराजू

फार सुरेख. हिशेबही जुळतो, १ लाख ३० हजार गेले आणि ७० हजार परत. वसुधाताईंनी ६० म्हटल्यावर विक्रेतीने दोन किलोंच्या अटीवर ६५ केले, म्हणजे ती ७० वरून पाचच उतरली, हे बरोबर पकडलंत. वसुधाताईंना भाषा कळली असती तर त्या ६० वर अडल्या असत्या. फक्त "धूर नाही" वर जरा विचार करा. सोनेरी मनुकेला गंधकाचा धूर देतात, ती उन्हात तशी होत नाही. विक्रेती सोनेरीबद्दल असं म्हणत असेल तर ती थाप आहे. सावलीत वाळवलेल्या हिरवट मनुकेबद्दल म्हणाली तर खरं असू शकतं.

शेवंती

मग सोनेरीच ठेवते. थाप तिचीच असू दे.

अनघा_दी

दोघी हसल्या आणि वसुधाताईंना कळलं नाही, ते थोडं लागलं. पण राहू दे.

भटका_जोशी

"हा मनुका" वर मी अडखळलो, मला छपाईची चूक वाटली. एक वाक्य हिंदीत करून बघाच.

मात्रा

छपाईची वाटू नये म्हणून आधी "चांगला किंमत" आहे की. पण मुद्रितशोधकाला चिठ्ठी जोडा, नाहीतर तो दोन्ही दुरुस्त करून ठेवेल.

चिमण_३

दोन किलो घेतल्यावर ६५ हा भाव मे महिन्यातही मिळेल का?